प्राणी गेल्यावर विमा आणि खाण्याची वर्गणी थांबवताना

घरातला कुत्रा किंवा मांजर गेल्यानंतर काही दिवसांतच फोनवर एक संदेश येतो. 'मोतीचं खाणं निघालं आहे, उद्या पोहोचेल.' पाठोपाठ दवाखान्याचा येतो, मोतीच्या लसीची तारीख जवळ आली आहे म्हणून. मग विमा कंपनीचा, पॉलिसीचं नूतनीकरण करा म्हणून. पाठवणाऱ्या यंत्रणेला काहीच माहीत नसतं, पण वाचणाऱ्याच्या पोटात प्रत्येक वेळी खड्डा पडतो. बरेच जण संदेश पुसून टाकतात आणि विषय तिथेच सोडतात. पैसे मात्र खात्यातून जात राहतात. वर्षभराचा आगाऊ भरलेला विम्याचा हप्ता कंपनीकडेच पडून राहतो, आणि त्यातला परत मिळण्याजोगा भाग रोज थोडाथोडा कमी होत जातो.

हे पैसे मागायला अनेकांना संकोच वाटतो. जीव गेला आणि आपण तीन-चार हजारांचा हिशोब काय करतोय, असं मनात येतं. माझ्या मते हा संकोच बाजूला ठेवावा. न वापरलेल्या दिवसांचा हप्ता परत मागणं म्हणजे गेलेल्या प्राण्याच्या जिवावर पैसे काढणं नव्हे. त्याच्यासाठी बाजूला काढलेले आपलेच पैसे आपण परत घेत असतो. शेवटच्या दिवसांतलं दवाखान्याचं बिल भागवायला बहुतेक घरांना त्यांची गरजही असते.

पण या कामात एक वळण आहे, आणि तिथे चूक झाली तर ती दुरुस्त करणं अवघड जातं. विमा रद्द करून परतावा घेणं ही एक वाट. विम्यातून दावा करून पैसे घेणं, म्हणजे ज्याला आपण क्लेम म्हणतो, ती दुसरी. एका वर्षाच्या पॉलिसीत या दोन्ही वाटांनी जाता येत नाही. त्यामुळे कंपनीला रद्द करण्याचा ई-मेल पाठवण्याआधी पॉलिसीचा कागद एकदा शांतपणे वाचावा लागतो.

आधी परताव्याचा नियम पाहू, कारण तो आपल्या बाजूचा आहे. विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, जून २०२४ मध्ये सर्वसाधारण विम्यासाठी एक मुख्य परिपत्रक काढलं. वैयक्तिक ग्राहक आपली पॉलिसी मुदतीत कधीही रद्द करू शकतो आणि त्यासाठी त्यानं कारण द्यायची गरज नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या मुदतीत एकही दावा केलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत करणं कंपनीवर बंधनकारक आहे. पॉलिसी दोन किंवा तीन वर्षांची असेल, तर जी वर्षं अजून सुरूच झालेली नाहीत त्यांचा हप्ता परत मिळतो.

'कारण द्यायची गरज नाही' हे शब्द नीट लक्षात ठेवा. परतावा मागताना काही ठिकाणी कंपनीचा माणूस फोनवर सांगतो की मृत्यूचा दाखला पाठवा, शवविच्छेदनाचा अहवाल पाठवा, मग बघू. दाव्यासाठी हे कागद खरोखर लागतात. नुसता परतावा मागणाऱ्याकडून ते मागायचं कारण नाही, कारण रद्द करण्यामागचं कारणच विचारायचं नाही असा नियम आहे. प्राणी घरी झोपेत गेला, डॉक्टर आले नव्हते, दाखला नाही, म्हणून परतावा बुडाला असं समजून अनेक जण गप्प बसतात. त्यांनी गप्प बसू नये.

या नियमाची दुसरी बाजू दिवसांची आहे. रद्द करायचा अधिकार आपण कळवतो त्या दिवसापासून चालतो. प्राणी ज्या दिवशी गेला त्या दिवसापासून मोजणी करावी अशी विनंती करायला हरकत नाही, काही वेळा ती मान्यही होते, पण तिच्या भरवशावर थांबू नये. दोन महिन्यांनी पत्र पाठवलं, तर त्या दोन महिन्यांचा हप्ता सहसा गेलाच.

आता एक उदाहरण घेऊन हिशोब करू. आकडे मी सोपे घेतले आहेत. कोथरूडमधल्या एका घरात आठ वर्षांचा लॅब्रेडॉर होता, त्याला मोती म्हणू. त्याची पॉलिसी १ जून २०२५ ते ३१ मे २०२६ अशी. मूळ हप्ता ५,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९९० रुपये, एकूण ६,४९० रुपये एकरकमी भरलेले. मोती १८ ऑक्टोबरला मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. घरच्यांनी ३० ऑक्टोबरला रद्द करण्याचा ई-मेल पाठवला.

१ जून ते ३० ऑक्टोबर हे १५२ दिवस होतात. उरले २१३. ५,५०० ला ३६५ नं भागून २१३ नं गुणलं की साधारण ३,२१० रुपये येतात. वर्षभरात एकही दावा झाला नसेल तर मूळ हप्त्यातले एवढे परत यायला हवेत. मोती गेला त्याच दिवशी कळवलं असतं, तर हा आकडा ३,३९० च्या आसपास असता. म्हणजे बारा दिवसांच्या उशिरानं १८० रुपये गेले, फार मोठं नुकसान नाही. दु:खात दहा-बारा दिवस काही सुचलं नाही तरी बिघडत नाही. महिनोन् महिने सोडून देऊ नये, इतकंच. परताव्याच्या पत्रात मूळ हप्ता आणि त्यावरचा कर वेगवेगळे दाखवायला सांगा, म्हणजे कराचा भाग परत आला की नाही हे एका नजरेत कळेल.

आता दाव्याची वाट पाहू. समजा, शेवटच्या आठवड्यात मोती चार दिवस दवाखान्यात होता, बिल १४,००० रुपये झालं, आणि पॉलिसीत दवाखान्याच्या खर्चातला दहा टक्के भाग मालकानं सोसायची अट आहे. मग दावा मंजूर झाला तर १२,६०० रुपये मिळतील. समोर ३,२१० चा परतावा आहे. इथे विचार करण्यासारखं काही नाही, दावा करावा आणि परतावा सोडावा. पण हेच बिल २,८०० रुपयांचं असेल आणि पॉलिसीप्रमाणे पहिले १,००० रुपये मालकाचे असतील, तर दाव्यातून १,८०० मिळतील आणि परतावा त्याहून मोठा आहे. इथे बिल खिशातून भरून परतावा घेणं बरं. आणि मोती ऑक्टोबरऐवजी एप्रिलच्या शेवटी गेला असता, तर फक्त मे महिना उरला असता. त्याचा परतावा ४६७ रुपये होतो, म्हणजे अगदी लहान बिलाचा दावासुद्धा त्याहून फायद्याचा.

तिसरी शक्यता अनेक घरांत असते. जुलैमध्ये मोतीचं पोट बिघडलं होतं आणि त्याचे दोन हजार रुपये कंपनीनं आधीच दिले आहेत. मग या वर्षाच्या परताव्याचं दार तेव्हाच बंद झालं. अशा वेळी उरलेली सगळी बिलं, तपासण्या, औषधं, पॉलिसीत बसणारं जे काही असेल त्याचा दावा बिनदिक्कत करावा. राखून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

इथे सावध राहण्यासारखी एक जागा आहे. नियमाचे शब्द 'दावा केला नसेल' असे आहेत. दावा केला पण तो नामंजूर झाला, तर कंपनी म्हणू शकते की दावा झालाच होता, आता परतावा नाही. आपण लेखी वाद घालू शकतो की एक रुपयाही मिळालेला नाही, तेव्हा हप्ता परत करा, आणि तसा वाद घालावाच. पण जो दावा टिकणार नाही हे आधीच दिसतंय, तो दाखल करून परतावा धोक्यात घालू नये. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये वगळलेल्या गोष्टी बहुधा ठरावीक असतात. पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आजार, पॉलिसी घेतल्यावरच्या प्रतीक्षाकाळात सुरू झालेला आजार, आणि ज्यांची लस उपलब्ध असूनही वेळेवर टोचून घेतली नाही असे आजार. मोतीचं मूत्रपिंड पॉलिसी घेण्याच्या आधीच्या वर्षीच्या रक्ततपासणीत बिघडलेलं दिसत असेल, तर दवाखान्याच्या कागदांत ते कंपनीला सापडणारच.

काही पॉलिसींत प्राण्याच्या मृत्यूचंही संरक्षण असतं. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर एक तक्ता असतो, त्याला शेड्यूल म्हणतात. कोणकोणती कलमं घेतली आहेत आणि प्रत्येकाची रक्कम किती, हे त्यात लिहिलेलं असतं. तिथे मृत्यूचं कलम असेल, तर रद्द करण्याचा ई-मेल मुळीच पाठवू नका. आधी मृत्यूची सूचना द्या. ही सूचना किती तासांत किंवा दिवसांत द्यायची हे त्याच कलमाखाली असतं आणि ती मुदत लहान असू शकते. अपघात किंवा आजारानं आलेल्या मृत्यूला हे संरक्षण असतं, निव्वळ म्हातारपणानं आलेल्या मृत्यूला सहसा नसतं. असह्य वेदनेत असलेल्या प्राण्याला डॉक्टरांच्या इंजेक्शननं शांत केलं असेल, तर ते पशुवैद्याच्या लेखी सल्ल्यानं झालं होतं याचा कागद लागतो. तो त्याच दिवशी मागून घ्यावा. नंतर त्या दवाखान्याची पायरी चढवत नाही, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना माहीत आहे.

मृत्यूच्या दाव्यात सगळ्यात मोठा प्रश्न असतो ओळखीचा. मेलेला प्राणी तोच होता कशावरून? गावाकडे गाई-म्हशींचा विमा काढलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. कानात बिल्ला मारल्याशिवाय विमा होत नाही, आणि बिल्ला हरवला तर दावा अडकतो. कुत्र्या-मांजरांच्या विम्यात त्या बिल्ल्याचं काम कातडीखालची मायक्रोचिप करते. चिप नसेल तर पॉलिसी घेताना पाठवलेले फोटो, रंग, अंगावरच्या खुणा यांवर सगळं ठरतं. म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर नाव, जात, वय, लिंग, रंग, चिपचा क्रमांक, मृत्यूची तारीख आणि कारण, आणि डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेकडचा नोंदणी क्रमांक असायला हवा. 'मोती नावाचा कुत्रा मरण पावला' एवढी एक ओळ पुरत नाही.

अंत्यविधीच्या आधी तोंड आणि अंगावरची खूण दिसेल असा एक फोटो काढून ठेवावा. हे सांगणं मलाही जड जातं. घरातल्या कोणाला ते जमत नसेल तर शेजाऱ्याला सांगावं. कंपनीला शवविच्छेदन हवं असेल तर ते दहनानंतर शक्य नसतं, म्हणून मृत्यूचं कलम असलेल्या पॉलिसीत कंपनीला फोन आधी आणि अंत्यविधी नंतर हा क्रम पाळावा लागतो. दहनाच्या ठिकाणची पावती जपून ठेवा. मुंबईत महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. अशा अधिकृत ठिकाणी दहन झालं की तारखेची नोंद होते. डॉक्टरांनी मृत्यू प्रत्यक्ष पाहिला नाही म्हणून दाखला द्यायला नकार दिला, तर आजारपणाचे जुने केसपेपर आणि ही पावती एवढाच आधार उरतो.

निर्णय झाला की पुढचं काम लहान आहे. परतावा घ्यायचा ठरला असेल तर कंपनीच्या ग्राहकसेवेच्या ई-मेलवर पाच-सहा ओळी पुरतात. पत्ता पॉलिसीसोबतच्या ग्राहक माहितीपत्रकात असतो. फोनवर सांगून थांबू नका, कारण तारीख सिद्ध करणारा कागद आपल्या हातात हवा. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

'माझी पाळीव श्वान विमा पॉलिसी क्रमांक अमुक, मुदत १ जून २०२५ ते ३१ मे २०२६, मी आजच्या तारखेपासून रद्द करत आहे. या मुदतीत मी कोणताही दावा केलेला नाही. उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता माझ्या खात्यात जमा करावा. परताव्याचा हिशोब, दिवसांच्या संख्येसह, लेखी कळवावा. सोबत रद्द केलेला धनादेश जोडला आहे. नूतनीकरणासाठी माझ्या खात्यातून रक्कम घेऊ नये आणि यापुढे मला नूतनीकरणाचे संदेश पाठवू नयेत.'

हिशोब दिवसांच्या संख्येसह मागायला एक कारण आहे. पूर्वी विमा मध्येच रद्द केला की कंपन्या 'अल्प मुदतीचा तक्ता' लावत. त्या तक्त्यात वापरलेल्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त हप्ता कापला जाई. सहा महिन्यांपर्यंत पॉलिसी चालली असेल तर पाऊण हप्ता कंपनीचा, असा तो प्रकार. जुन्या पॉलिसींच्या छापील अटींत हा तक्ता अजून सापडतो आणि एखादा कर्मचारी सवयीनं तोच लावून मोकळा होतो. मोतीच्या उदाहरणात त्या तक्त्यानं ३,२१० ऐवजी १,३७५ रुपयेच हाती आले असते. ओळखायची खूण सोपी आहे. आलेली रक्कम मूळ हप्त्याच्या बरोबर चौथाई, निम्मी किंवा अशी गोल प्रमाणातली असेल, तर तक्ता लागला आहे असं समजा. दिवसांवरून काढलेली रक्कम अशी गोल क्वचितच येते. मग उत्तरात जून २०२४ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून दिवसांच्या प्रमाणात फेरहिशोब मागा.

पत्र पाठवलं म्हणजे बँकेतली परवानगी आपोआप रद्द होत नाही. हा घोळ फार घरांत होतो. पॉलिसी हा कंपनीशी केलेला करार आहे, आणि पैसे आपोआप कापून घ्यायची परवानगी बँकेला किंवा यूपीआय ॲपला दिलेली असते. त्यातलं एक रद्द केल्यानं दुसरं रद्द होत नाही. नुसती परवानगी काढून घेतली तर पुढच्या वर्षीचा हप्ता जाणार नाही, पण या वर्षीचा परतावाही मिळणार नाही, कारण पॉलिसी चालूच आहे. उलट पॉलिसी रद्द करून परवानगी तशीच ठेवली, तर पुढच्या जूनमध्ये कोणाच्या तरी चुकीनं रक्कम पुन्हा जाऊ शकते. दोन्ही कामं वेगळी करायची.

परवानगी काढणं मात्र आपल्या हातात आहे, त्यासाठी कोणाची मिनतवारी करावी लागत नाही. यूपीआयवर असेल तर ॲपमध्ये `AutoPay` किंवा `Mandates` या नावाचा भाग असतो. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते, हवी ती उघडून रद्द करायची आणि पिन द्यायचा. कार्डावर असेल तर ज्या बँकेचं कार्ड आहे तिच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये अशीच यादी असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी आपल्याला संदेश यायला हवा, आणि त्यात ती थांबवण्याची सोयही हवी. म्हणून पुढचे काही महिने बँकेचे संदेश न वाचता पुसू नका.

आता खाण्याकडे येऊ. दर महिन्याला घरी येणाऱ्या पिशवीला काही ॲपवर सब्स्क्रिप्शन म्हणतात, काही ठिकाणी ऑटोशिप. इथे विम्यासारखा पेच नाही, पण क्रमाला महत्त्व आहे. आधी विक्रेत्याच्या ॲपमध्ये वर्गणी रद्द करा, मग पैशांची परवानगी काढा. घाईत उलट केलं तर विक्रेत्याच्या यंत्रणेत मागणी तशीच राहते. पैसे मिळाले नाहीत म्हणून 'पेमेंट अपूर्ण' असे संदेश येत राहतात, आणि काही ठिकाणी माल दारात पैसे द्या या अटीवर निघतोही. रद्द करताना 'थांबवा' आणि 'रद्द करा' हे दोन पर्याय शेजारीशेजारी असतात. थांबवलेली वर्गणी महिन्या-दोन महिन्यांनी आपोआप सुरू होते, म्हणून रद्द करणंच निवडा आणि त्या पडद्याचा फोटो ठेवा. एकाच प्राण्यासाठी दोन-तीन वर्गण्याही असतात. खाणं एका ॲपवर, सांध्यांच्या गोळ्या दुसऱ्या, टिक-पिसवांचं औषध तिसऱ्या. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं विवरण उघडलं की सगळ्या सापडतात.

पिशवी आधीच निघाली असेल तर ती दारात नाकारता येते. घेऊन येणाऱ्या माणसाला नम्रपणे 'नको आहे, परत न्या' म्हणायचं आणि ओटीपी द्यायचा नाही. ओटीपी दिला की माल पोहोचला अशी नोंद होते आणि पुढचा परतावा लांबतो. ताज्या शिजवलेल्या खाण्याचे डबे तीन महिन्यांच्या आगाऊ पैशांवर घेतले असतील, तर न आलेल्या डब्यांचे पैसे लेखी मागा. ज्या तारखेपर्यंतचा माल बनून गेला आहे तेवढाच कापावा, असं स्पष्ट लिहा. अनुभव असा की माणूस फोन उचलतो त्या विक्रेत्याकडे 'आमचा कुत्रा गेला' एवढं सांगितलं की काम लवकर होतं. बहुतेक जण तिथे माणुसकीनं वागतात.

रद्द करण्याचं बटणच सापडू नये अशी रचना केली असेल, तर तो ग्राहकाला अडकवण्याचा प्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असा सापळा नावानिशी नोंदवून बंद केला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

घरात उरलेल्या खाण्याचं काय करायचं, हा प्रश्न पैशांपेक्षा मनाला जास्त लागतो. लॅब्रेडॉरच्या घरात बारा किलोची पिशवी जेमतेम महिनाभर जाते, त्यामुळे एखादी न फोडलेली पिशवी हमखास असते. ती निवारागृहात द्यायला उत्तम. पण मोतीसारख्या मूत्रपिंडाच्या रुग्णाचं डॉक्टरांनी लिहून दिलेलं खाणं सरसकट कोणालाही देऊ नका. त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी केलेले असतात. वाढत्या पिल्लांना ते चालत नाही. अशी पिशवी आपल्या पशुवैद्याकडे दिली तर तशाच आजाराचा दुसरा रुग्ण त्यांना माहीत असतो, आणि हे खाणं महाग असल्यानं त्या घराला मोठा आधार होतो.

लसीच्या आठवणी आणि वाढदिवसाचे संदेश थांबवायला दवाखान्याला आणि ॲपला एकदा कळवावं लागतं. ॲपमध्ये प्राण्याची माहिती असते तिथून त्याचं नाव काढता येतं. ते हातानं पुसणं जमत नसेल तर ग्राहकसेवेला सांगा, ते करतात. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना असेल तर तिथेही नोंद करून टाका.

विमा कंपनीनं उत्तरच दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर पुढच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करायची. कंपनीनं ती १४ दिवसांत निकाली काढायला हवी. तसं झालं नाही तर आयआरडीएआयच्या `bimabharosa.irdai.gov.in` या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करता येते. त्यानंतर विमा लोकपाल. कंपनीनं नकार दिला किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही. तीन हजारांसाठी एवढं करावं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण दिवसांच्या हिशोबाच्या बाबतीत नियम इतका स्पष्ट आहे की, लोकपालाचा उल्लेख असलेलं दुसरं पत्र गेलं की बहुतेक प्रकरणं तिथेच मिटायला हवीत.

आज तुमचा मोती धडधाकट असेल, दारात शेपूट हलवत उभा असेल, तर एवढं करा. पॉलिसीचं शेड्यूल उघडा, मृत्यूचं कलम आहे का आणि सूचना किती वेळात द्यायची ते पाहा, आणि त्या पानाचा फोटो घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा. वेळ येईल तेव्हा तुम्हाला काही सुचणार नाही, त्या माणसाला सुचेल.